मीटरभर गाळ्याच्या फळीवर ५० पुस्तकं: वजन किती, आणि फळीला झोळ किती येणार?

वाचनवेल (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या मुलांसाठी घरातल्या पुढच्या खोलीत छोटं वाचनालय चालवते. दोन वर्षांपूर्वी एक मांडणी करून घेतली होती, पाच फळ्यांची. १८ एमएम कमर्शियल प्लाय, फळीची खोली २५ सेंटीमीटर, दोन उभ्या पाखांमधलं अंतर आतून बरोबर एक मीटर. आता मधल्या तीन फळ्यांना मधोमध चांगलंच पोट आलंय. मुलं पुस्तक ओढतात तेव्हा शेजारची दोन-तीन पुस्तकं मधल्या खळग्याकडे कलतात.

आणखी २५० पुस्तकं आलीत, म्हणून तशीच दुसरी मांडणी सांगायची आहे. सांगण्याआधी हिशोब करायला बसले. एक पुस्तक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, २५० ग्रॅम भरलं. फळीवर ५० पुस्तकं बसतात, म्हणजे साडेबारा किलो. एवढ्याशा वजनाने पाऊण इंची प्लाय वाकतो का? की माल हलका लागला? नवीन मांडणीत काय बदलून सांगू?

कृष्णाकाठ (सांगली)

बाई, माल हलकाच असणार. मी प्लाय आणला तेव्हा दुकानदाराने स्वतः फळीवर उभं राहून दाखवलं होतं. १८ एमएमचा प्लाय १०० किलो आरामात पेलतो. साडेबारा किलोला वाकला म्हणजे आत पोकळ्या असणार. सुताराला बोलावून जाब विचारा. नवीन मांडणीला मरीन प्लाय घ्या, प्रश्न मिटला.

पसारा (कराड)

माझाही हाच प्रश्न आहे, बरं झालं धागा निघाला. वडिलांची चार हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत, ती पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत हलवायची आहेत. स्लॅब धरेल का? घर १९९० च्या आसपासचं आहे.

माहुलीकर (सातारा)

वाचनवेल ताई, मी बत्तीस वर्षं इमारतींच्या आराखड्यांची गणितं केली आणि घरात पुस्तकंही पुष्कळ आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वजन. एका पुस्तकावरून सरासरी काढली तिथेच घोटाळा झाला. काट्यावर ठेवायला हात सहज जातो तो बारीक पुस्तकाकडे. तुम्ही असं करा: एका फळीवरून डोळे मिटल्यासारखी दहा पुस्तकं काढा, सलग दहा नकोत, इथून एक तिथून एक. ती पिशवीत घालून काट्याला लावा. मग तीच दहा उभी रांगेत दाबून धरा आणि रांगेची लांबी पट्टीने मोजा. वजन आणि लांबी, दोन्ही लिहून ठेवा.

लांबी कशाला, तर फळीला पुस्तकांची संख्या कळत नाही, तिला मीटरमागे किती किलो एवढंच कळतं. बारीक पुस्तकं असली तर ७० बसतील, जाडी असली तर ३०, पण उंची-रुंदी सारखी असली तर रांग भरली की वजन जवळपास सारखंच येतं. कारण पुस्तक म्हणजे दाबलेला कागद. साध्या कागदाचं पुस्तक घनसेंटीमीटरला साधारण ०.७ ग्रॅम भरतं. नेहमीच्या आकाराचं कादंबरीचं पुस्तक १४ सेंटीमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच धरा; अशांची मीटरभर रांग २१ किलोच्या आसपास जाते. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं याहून बरीच जड असतात.

कृष्णाकाठ, दुकानदार खोटं बोलला नाही. तुमच्या ताईंच्या फळीवर २०-२५ किलो आले तरी लाकडावर जो ताण येतो, तो प्लाय मोडण्याच्या ताणाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासही नसतो. मोडणार नाहीच ती. पण मोडणं वेगळं आणि वाकणं वेगळं. दुकानदार ज्या फळीवर उभा राहिला, तिची टेकणं एकमेकांपासून किती लांब होती ते आठवतंय का?

पसारा, तुमचा प्रश्न अगदी वेगळा आहे, खाली स्वतंत्र लिहितो.

कृष्णाकाठ

दोन विटांवर ठेवली होती, विटांमध्ये दीड फूट असेल.

माहुलीकर

तिथेच उत्तर आहे. दीड फुटावर उभा माणूस आणि मीटरभर गाळ्यावर पुस्तकं, यांची तुलना होत नाही. गाळा म्हणजे दोन टेकणांमधलं मोकळं अंतर. तेवढंच वजन ठेवून गाळा दुप्पट केला, तर झोळ आठपट होतो. आणि पुस्तकांच्या फळीत गाळा वाढला की वजनही वाढतं, कारण जागा मिळाली की आपण ती भरतो. म्हणून भरलेल्या फळीचा गाळा दुप्पट केला की झोळ सोळापट. जाडीचं उलट आहे: जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्श्यावर येतो. मरीन प्लाय पाण्याला टिकतो, त्याचा चिकटा वेगळा असतो, पण त्याच जाडीचा असला तर झोळात फार फरक पडेल अशी आशा धरू नका.

रंधा (मिरज)

माहुलीकर सर, वडील सुतार होते, मीही दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. ते कधी आकडेमोड करायचे नाहीत, पण पुस्तकाचं कपाट म्हटलं की अडीच फुटाच्या पुढे फळी नेत नसत. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर पुढच्या कडेला सागाची दीड इंची पट्टी मारायचे. कपड्याच्या कपाटाला मात्र चार फुटाचीही फळी चालते म्हणायचे. “कागद लाकडाचाच असतो, लाकडाइतकाच जड,” हे त्यांचं बोलणं.

वाचनवेल

माहुलीकर सर, सांगितल्याप्रमाणे केलं. तिसऱ्या फळीवरची दहा पुस्तकं: ४ किलो २०० ग्रॅम. रांगेची लांबी २० सेंटीमीटर. म्हणजे एक पुस्तक सरासरी ४२० ग्रॅम आणि २ सेंटीमीटर जाड. मीटरभर फळीवर ५० पुस्तकं, २१ किलो. माझा पहिला आकडा जवळजवळ निम्माच होता. मी वजन केलं होतं तो कवितासंग्रह होता, आता लक्षात आलं.

सगळ्यात खालच्या फळीवर कोश आणि बांधून घेतलेले दिवाळी अंक आहेत. तिथे फक्त २४ पुस्तकं बसलीत. पण दहांचं वजन १५ किलो निघालं, म्हणजे फळीवर ३६ किलो. संख्या निम्मी, वजन पावणेदोनपट. हे मला खरोखर सुचलं नव्हतं.

माहुलीकर

छान मोजलंत. फळीचं स्वतःचं वजन ३ किलोच्या आसपास धरा, म्हणजे तिसऱ्या फळीवर एकूण २४ किलो.

आता झोळ. पुस्तकात सूत्र आहे, पण त्यात प्लायचा ताठपणा घालावा लागतो आणि प्लायच्या बाबतीत तो आकडा फार फिरतो. आतले थर कुठल्या दिशेने जास्त आहेत, फळी प्लायच्या तक्त्याच्या लांबीत कापली की रुंदीत, यावर तो दुपटीनेही बदलू शकतो. म्हणून मी घरी आकडा शोधत बसत नाही, फळीलाच विचारतो. तुमच्याकडे आयती जुनी फळी आहेच.

एक फळी पूर्ण रिकामी करा. पुढच्या कडेखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरा ताणून बांधा, दोन्ही टोकांना फळीपासून दोरा सारखाच खाली राहील अशा बेताने, एकेक खडूचा तुकडा मध्ये घातला तरी चालेल. मधोमध फळी आणि दोरा यांतलं अंतर मोजा. मग बरोबर मधोमध दहा लिटर पाण्याचा कॅन ठेवा. कॅनचं बूड लहान असेल तेवढं बरं. पुन्हा मोजा. फरक किती मिलिमीटर, तेवढंच कळवा.

मधोमध ठेवलेलं वजन, पसरलेल्या वजनापेक्षा १.६ पट जास्त झोळ देतं. म्हणून पुढचा हिशोब असा:

```
पुस्तकांचा झोळ = कॅनचा झोळ × (पुस्तकांचे किलो ÷ १०) × ०.६२५
```

मिरजेचा वाचक (मिरज)

मी सांगतो सोपा उपाय, स्वतः केलेला. फळीच्या मधोमध खाली एक ठोकळा उभा ठोकायचा, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये. माझी तिसरी फळी खूप झुकली होती, दुसऱ्या फळीवर ठोकळा उभा केला आणि हातोडीने ठोकत ठोकत सरळ केली. अर्ध्या तासाचं काम, सुतार नको नि काही नको. पण आता दुसरी फळी जास्तच वाकली आहे, तिचा प्लाय मात्र खराब निघाला असं वाटतंय.

माहुलीकर

नाही, प्लाय खराब नाही. तुमच्या दोन्ही फळ्या सारख्याच असतील तर तिसरी जितकी वर गेली, तितकीच दुसरी खाली गेली. ७ मिलिमीटर झोळ होता तो सरळ केला असेल, तर दुसरीचा ७ चा १४ झाला असणार. मोजून बघा.

आणि समजा नव्या, रिकाम्या मांडणीत असा ठोकळा आधीच बसवला आणि मग दोन्ही फळ्यांवर सारखी पुस्तकं भरली, तर ठोकळ्याचा काहीच उपयोग होत नाही. दोन्ही फळ्या सारख्याच झुकतात आणि ठोकळा त्यांच्या मधून त्यांच्याबरोबरच खाली उतरतो. त्याच्यावर वजन येतच नाही. मधला आधार जमिनीवर टेकला तरच तो आधार. पाचही कप्प्यांतले ठोकळे एका ओळीत, एकाखाली एक, आणि शेवटचा सगळ्यात खालच्या फळीखाली फरशीवर.

मिरजेचा वाचक

मोजलं. दुसरी फळी १५ मिलिमीटर. तिसरी अजूनही २ मिलिमीटर झुकलेली आहे. आज रात्री खालच्या कप्प्यातही ठोकळा घालतो.

रंधा

फरशीपर्यंत न्या दादा, एक कप्पाही मध्ये सोडू नका. आणि खालच्या फळीखाली तीन इंची पाया असतो तो सहसा पोकळ असतो, तिथे ठोकळा घालायचा सगळे विसरतात.

सज्जनगड (सातारा)

आमच्या घरी बारा वर्षांची मांडणी आहे, १८ एमएम प्लाय, साडेतीन फुटाचा गाळा, पुस्तकांनी गच्च. झोळ दिसत नाही. मग हे सोळापट वगैरे खरं मानायचं कसं?

माहुलीकर

सज्जनगड, मागच्या बाजूने बघा. मांडणीला मागे प्लाय आहे का, आणि तो फळ्यांना खिळ्यांनी जोडलाय का?

सज्जनगड

मागे ६ एमएमचा प्लाय आहे, प्रत्येक फळीला खिळे आहेत. पुढच्या कडेला लाकडी पट्टीही आहे, साधारण इंचभराची.

माहुलीकर

मग ती फळी नुसती फळी राहिली नाही. मागची कड पाठीच्या प्लायने धरली आहे, पुढची कड पट्टीने. मागे खिळे मारलेली फळी मागच्या बाजूने झुकत नाही, झुकते ती फक्त पुढच्या कडेला. तरी इंचभर पट्टीने साडेतीन फुटात काहीच झोळ नाही हे मला जरा कोड्यात टाकतंय. कदाचित पुस्तकं पुढच्या कडेपासून आत सरकवून ठेवलेली असतील. दोरा लावून बघितलात तर कळवा. डोळ्याला फुटामागे अर्धा मिलिमीटरपर्यंतचा झोळ दिसत नाही. साडेतीन फुटाला पावणेदोन मिलिमीटर असला तरी तुम्ही म्हणाल सरळ आहे.

वाचनवेल

सर, पाण्याच्या कॅनची चाचणी झाली. शेजारच्या मुलाने मदत केली. कॅन ठेवण्याआधी मधोमध दोऱ्यापासून ९ मिलिमीटर, ठेवल्यावर ६. म्हणजे फरक ३ मिलिमीटर. कॅन काढला की जवळजवळ पुन्हा ९.

मग सूत्रात घातलं: ३ × २.१ × ०.६२५ = ३.९ मिलिमीटर. पण चौथी फळी अजून भरलेली आहे, तिथे दोरा लावला तर झोळ ८ मिलिमीटर निघतो. हिशोब निम्म्याने चुकला का?

माहुलीकर

हिशोब चुकला नाही, तो पहिल्या दिवसाचा आहे. लाकूड भाराखाली हळूहळू उतरत जातं. आज ४ मिलिमीटर झुकलेला प्लाय वर्ष-दोन वर्षं तेच वजन अंगावर असेल, तर पावणेदोन-दोनपटीपर्यंत जातो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तर तिपटीच्या आसपास. दमट हवेत हे आणखी वेगाने होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने तेच असतं.

तुमच्या फळीचं करून बघू. पुस्तकांचे ३.९, फळीच्या स्वतःच्या वजनाचा अर्धा, म्हणजे ४.४. त्याच्या १.८ पट केले की जवळपास ८. तुमच्या चौथ्या फळीशी जुळलं. इतकं तंतोतंत जुळणं थोडं नशिबानेही झालंय, एवढ्यावर विसंबू नका, पण आकडे कुठल्या घरातले आहेत ते कळलं.

फुटामागे अर्धा मिलिमीटर धरला तर मीटरभर फळीला १.६ मिलिमीटर चालतो. तुमचे ८ आहेत. पाचपट.

कृष्णाकाठ

सर, मग २५ एमएमचा प्लाय वापरला तर?

माहुलीकर

२५ ला १८ ने भागून त्याचा घन करा: साधारण २.७. म्हणजे ८ चे ३ मिलिमीटर होतील. सुधारणा खूप, पण अजून दिसेल एवढा झोळ राहतो, आणि प्रत्येक फळीचं वजन आणि खर्चही वाढतो. त्याऐवजी गाळा कमी करा. तोच १८ एमएम, तशीच गच्च भरलेली पुस्तकं, फक्त गाळा दोन फूट केला तर कॅनच्या हिशोबाने पहिल्या दिवशी अर्धा मिलिमीटर येतो, आणि दोन वर्षांनी एक. दोन फुटाला एवढा चालतो. नुसत्या उघड्या प्लायच्या फळीला मी दोन फूटच धरतो.

रंधा, तुमच्या वडिलांचे अडीच फूट मागे पाठ आणि पुढे पट्टी असलेल्या कपाटाला अगदी बरोबर आहेत.

रंधा

हो सर, ते पाठीशिवाय कपाट करतच नव्हते. मला ते आज तुमच्यामुळे समजलं.

वाचनवेल

खोलीच्या भिंतीला मीटरभराचीच जागा आहे आणि जुन्या मांडणीशी जुळतं करायचं आहे. मग दोन पर्याय उरतात असं दिसतंय: पुढची पट्टी किंवा मधला आधार. पट्टी केवढी लागेल?

माहुलीकर

पट्टी उभी बसवायची, आडवी नाही. २० एमएम जाड आणि ४० उंच सागाची किंवा चांगल्या कडक लाकडाची पट्टी, सगळ्या लांबीला फेव्हिकॉल लावून स्क्रूने घट्ट केली, तर तुमच्या फळीचा झोळ साधारण चार दशांश राहील. म्हणजे ८ चे ३. ती ५० उंच केली तर पावाच्या आसपास, ८ चे २. इथे उंचीच सगळं काम करते. मी पट्टी आणि फळी वेगवेगळ्या झुकतील असं धरून मोजलंय; चिकटवण चांगली झाली तर दोन्ही मिळून आणखी ताठ होतात. पण ५० ची पट्टी फळीखाली तीन सेंटीमीटर लोंबणार, तेवढी कप्प्याची उंची जाते.

आणि पट्टी फक्त पुढे आहे. मागेही आधार हवा, एकतर पाठीचा प्लाय नाहीतर भिंतीला आडपट्टी. नाहीतर मागची कड झुकेल, पुस्तकं मागे कलतील आणि पुढून सगळं सरळ दिसत राहील.

मिरजेचा वाचक

सर, भिंतीची आडपट्टी म्हणालात म्हणून विचारतो. आमच्या चुलत्यांच्या वाड्यात भिंत दगड आणि पांढऱ्या मातीची आहे. तिथे दोनदा स्क्रू निघून आले.

माहुलीकर

त्या भिंतीवर वजन लटकवू नका, कितीही लांब स्क्रू असला तरी. तिथे जमिनीवर उभी राहणारी मांडणी करा आणि वर भिंतीला फक्त पुढे पडू नये एवढ्यापुरती बांधा.

पसारा

सर, माझ्या स्लॅबचं राहिलं.

माहुलीकर

राहिलं खरं. राहण्याच्या खोलीचा स्लॅब आपल्याकडच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलोच्या आसपासच्या चालत्या भाराला करतात. ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या कोठीला तेच मानक २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० किलोच्या आसपास धरायला सांगतं. तिप्पट. तुमची चार हजार पुस्तकं ४२० ग्रॅमने धरली तर १,६८० किलो, मांडण्यांचं वजन वेगळं. भिंतींना लागून चारी बाजूंनी पसरली तर एक गोष्ट, खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभी केली तर दुसरी. घराचा आराखडा पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. स्लॅबमध्ये गज किती घातले ते सांगणारा कागद तुमच्याकडे असेल तर तो घेऊन जवळच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. मी इथून हो किंवा नाही म्हणणार नाही.

कृष्णाकाठ

माझं पुराचं सांगतो, बाई, तुमच्या खालच्या फळीवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावभागातल्या घरात पाणी आलं तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तकं भिजली. पाणी उतरल्यावर बघतो तर फळ्या तर झुकल्याच, पण भिजलेली पुस्तकं फुगून उभ्या पाखांना बाहेर ढकलत होती. एक पाख सांध्यातून उघडलं. एकही पुस्तक ओढून निघेना, शेवटी मांडणीच सुटी करावी लागली. तेव्हापासून मी कप्प्यात चार बोटं जागा मोकळी ठेवतो.

माहुलीकर

हे खरं आहे. भिजलेल्या कागदाचं वजन दीडपट सहज होतं आणि फुगवट्याचा दाब बाजूला जातो. कोश आणि बांधीव अंक ही वजनदार पुस्तकं खाली ठेवणं मांडणीच्या तोलासाठी बरोबर, वर ठेवली तर ती पुढे कलण्याची भीती. पण तुमचा भाग पुराच्या रेषेत असेल तर हा प्रश्न माझ्या गणितातून सुटत नाही. तुम्हा सांगलीकरांनाच तो ठरवावा लागेल.

वाचनवेल

विश्रामबागेत आमच्या गल्लीपर्यंत तेव्हा पाणी आलं नव्हतं, म्हणून कोश खालीच ठेवते.

निर्णय घेतला. नवीन मांडणीत मधोमध उभं पाख, फरशीपासून वरपर्यंत सलग. सुतारदादांना आधी पटत नव्हतं, “मॅडम, प्लाय पुरेसा आहे” म्हणाले. त्यांना पाण्याचा कॅन ठेवून दाखवला, दोरा बघितल्यावर ते स्वतःच म्हणाले मधलं पाख घालू. आता गाळा ४९ सेंटीमीटरचा झाला. सोळाव्या हिश्श्याने धरलं तर दोन वर्षांनीही अर्धा मिलिमीटर.

एक शंका राहते. फळी मीटरभराची सलगच ठेवून मधल्या पाखाला खाच करायची, की दोन तुकडे करायचे?

रंधा

दोन तुकडे केले तर पाख सलग राहतं आणि वजन सरळ खाली उतरतं. फळी सलग ठेवली तर पाखाचेच पाच तुकडे होतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी फट राहिली की आधार जातो. मी तुकडेच करेन.

माहुलीकर

माझं मत उलट आहे. सलग फळी मधल्या टेकणावरून जाते तेव्हा दोन्ही बाजूंचे गाळे एकमेकांना धरतात, झोळ आणखी कमी होतो. मात्र मधल्या पाखावर वजन जास्त येतं, प्रत्येक फळीच्या भाराचा आठातला पाच हिस्सा. २४ किलोची फळी म्हणजे मध्ये १५ किलो. कोशाची फळी ३९ किलोची, तिचे जवळपास २४. पाच फळ्यांचं मिळून खालच्या ठोकळ्यावर ८५ किलोच्या आसपास. तेवढं प्लायचं पाख सहज घेतं, पण ठोकळा फरशीवर घट्ट हवा.

रंधा

सर, कागदावर तुमचं बरोबर असेल, पण सांधा हाताने करायचा असतो. पाच ठिकाणी फट नसलेला सांधा करणारा सुतार आता शोधावा लागतो.

माहुलीकर

ते मान्य. ४९ सेंटीमीटरला झोळ तसाही नगण्य आहे. सांध्याची खात्री नसेल तर तुकडे करा.

मिरजेचा वाचक

माझं कळवायचं राहिलं. रात्री सगळ्या कप्प्यांत ठोकळे घातले, पायाखालीही. पण पुस्तकं न काढताच वरून सुरुवात केली, आणि तिसऱ्या फळीला जुना ठोकळा सुटून पुस्तकं खाली आली. आता कुठून सुरू करू?

रंधा

सगळ्या फळ्या आधी रिकाम्या करा. मग खालून वर या. पायाखालचा ठोकळा पहिला, मग सगळ्यात खालच्या फळीवर दोरा लावून ती सरळ झाली की पुढचा. प्रत्येक ठोकळा मोजून कापा, ठोकून बसवू नका. सैल वाटला तर पुठ्ठ्याची पाचर घाला.

वाचनवेल

रंधादादा, जुन्या मांडणीलाही हेच करते आहे. तिसऱ्या फळीवरची पुस्तकं काढून चार दिवस झाले, तरी ३ मिलिमीटर झोळ तसाच आहे. ती उलटी करून बसवावी का?

रंधा

बसवा की ताई. सुटी असली तर उलटी करून, ठोकळ्यावर टेकवून, मग पुस्तकं भरा. आमच्याकडे उलटी केलेली फळी महिन्या-दीड महिन्यात सरळ झालेली बघितली आहे. पट्टी मारलेली असेल तर मात्र उलटवता येत नाही.

सज्जनगड

माहुलीकर काका, दोरा लावला. पुस्तकं पुढच्या कडेपासून दोन इंच आत आहेत, तुम्ही म्हणालात तसंच. झोळ मधोमध साडेतीन मिलिमीटर. आजवर मला सरळच दिसत होती.